ज्येष्ठांच्या ठेवी, निवृत्तिवेतन आणि आयकराची सवलत

वयाची साठ वर्षे पूर्ण झाली की आयकरात विशेष सवलत मिळते, हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक असते. परंतु या सवलती कोणत्या करप्रणालीत आहेत, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. येथे दिलेले नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

जुन्या करप्रणालीत साठ ते ऐंशी वर्षे वयाच्या व्यक्तीला तीन लाख रुपयांपर्यंत, तर त्यापुढील वयाच्या व्यक्तीला पाच लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त असते. शिवाय कलम ८०टीटीबीनुसार ठेवींच्या व्याजातून पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. ही वजावट बँक, सहकारी बँक व पोस्ट यांतील व्याजापुरतीच आहे. मुलाच्या किंवा नातेवाइकाच्या पेढीत ठेवलेल्या रकमेचे व्याज, तसेच कंपनीच्या ठेवीचे व्याज तीत बसत नाही.

नव्या करप्रणालीत वयानुसार वेगळी मर्यादा नाही. सर्वांना चार लाख करमुक्त आहेत, आणि ८०टीटीबीची वजावटही नाही. मात्र एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए ची करसवलत मिळून कर शून्यावर येतो. निवृत्तिवेतनावरील प्रमाणित वजावट जुन्या प्रणालीत पन्नास हजार, तर नव्या प्रणालीत पंचाहत्तर हजार रुपये आहे.

समजा, अडुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांना वर्षाला ४,२०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. एका बँकेतील मुदतठेवींवर २,४०,००० आणि दुसऱ्या बँकेत १,२०,००० असे एकूण ३,६०,००० रुपये व्याज जमा होते. जुन्या प्रणालीत निवृत्तिवेतनातून पन्नास हजार आणि व्याजातून पन्नास हजार वजा जाता ६,८०,००० उरतात. आरोग्य विम्याच्या हप्त्याची पन्नास हजारांची वजावट धरली तरी करपात्र उत्पन्न ६,३०,००० होते. पाच लाखांपर्यंतच्या टप्प्याचा कर १०,०००, वरील १,३०,००० वर वीस टक्क्यांनी २६,००० आणि चार टक्के उपकर मिळून ३७,४४० रुपये भरावे लागतील. नव्या प्रणालीत पंचाहत्तर हजार वजा करून उत्पन्न ७,०५,००० राहते. ते बारा लाखांच्या आत असल्याने कर काहीच नाही.

कर शून्य असला तरी बँकेची करकपात आपोआप थांबत नाही. एका बँकेतील ज्येष्ठांचे वार्षिक व्याज एक लाखाहून अधिक झाले की बँक संपूर्ण व्याजावर दहा टक्के कपात करते. ही कपात टाळण्यासाठी फॉर्म १५-एच द्यावा लागतो. वर्षाचा अंदाजित कर शून्य असेल तर साठ वर्षांवरील व्यक्तीला तो देता येतो. ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्यावर येत असेल, तरीही तो चालतो. फॉर्म दरवर्षी, वर्षारंभीच, पॅन क्रमांकासह आणि प्रत्येक बँकेत स्वतंत्रपणे द्यावा, पोचही घ्यावी. वरील शिक्षकांनी तो केवळ पहिल्या बँकेत दिला, तर दुसरी बँक १२,००० रुपये कापून घेईल. मग ती रक्कम फॉर्म २६एएस मध्ये पडताळून, विवरणपत्र भरून परत मागावी लागेल. उत्पन्न चार लाखांहून अधिक असल्याने कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणे आवश्यकच आहे.

शेअर्स किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याच्या विशेष दराने कर लागतो. नव्या प्रणालीत त्या करावर ८७ए ची सवलत मिळत नाही. अशा नफ्यामुळे कर निघणार असेल, तर १५-एच देऊ नये; त्यातील निवेदन असत्य ठरते.

व्यापारी घराण्यांतील अनेक ज्येष्ठ अद्याप पेढीचे भागीदार असतात. भागीदारास मिळणारे वेतन आणि भांडवलावरील व्याज हे व्यवसायाचे उत्पन्न समजले जाते. केवळ निवृत्तिवेतन व व्याज असलेल्या ज्येष्ठाला विवरणपत्र वेळेत भरताना दरवर्षी प्रणाली निवडता येते आणि आगाऊ कर भरावा लागत नाही. भागीदाराला या दोन्ही सोयी नाहीत. जुनी प्रणाली हवी असल्यास त्याला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि नव्या प्रणालीत परतल्यानंतर, व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत, पुन्हा जुनी निवडता येत नाही. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून अधिक होत असल्यास आगाऊ कराचे हप्तेही त्याला भरावे लागतात. म्हणून वडीलधाऱ्यांचे विवरणपत्र भरण्यापूर्वी पेढीच्या भागीदारी करारात त्यांचे नाव अद्याप आहे का, हे प्रथम पाहावे.