टोपणनावाच्या मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा

ऑनलाइन बुद्धिबळात दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी खेळतात आणि तरी एकमेकांचे खरे नाव त्यांना ठाऊक नसते. लिचेस हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते आणि तिथे जाहिराती नसतात. खाते उघडायला टोपणनाव, पासवर्ड आणि ईमेल एवढे पुरते, जन्मतारीख द्यावी लागत नाही. डाव चालू असताना शेजारच्या चौकटीत चार शब्द बोलता येतात, डावानंतर निरोप पाठवता येतो. अशा चार-चार शब्दांतून खरी मैत्री जमते. मग एखाद्या रात्री समोरचा सहज लिहून जातो, ‘पुढच्या मंगळवारी माझा वाढदिवस.’ तो दिवस लक्षात ठेवून शुभेच्छा द्याव्यात असे मनापासून वाटते, पण त्या कशा द्यायच्या याचा रिवाज अजून पक्का झालेला नाही.

आपल्याकडे शुभेच्छांची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. चौकातल्या फलकावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात फोटो, पूर्ण नाव, गाव, हुद्दा आणि कितवा वाढदिवस हे सगळे असते. जितका तपशील जास्त, तितके प्रेम जास्त, असा त्यामागचा भाव असतो. ओळखीच्या माणसांत तो योग्यच आहे. टोपणनावाने वावरणाऱ्या माणसाने मात्र हाच तपशील जाणूनबुजून बाहेर ठेवलेला असतो.

त्याला कारणेही आहेत. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९०च्या जनगणनेचे आकडे तपासून २००० साली दाखवून दिले, की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी झिप कोड एवढ्या तीनच गोष्टी कळल्या तर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसे नेमकी ओळखता येण्याची शक्यता असते. नाव कुठेही नसताना! आपल्याकडचे उदाहरण तर रोजच्या वापरातले आहे. ई-आधारची फाइल उघडणारा पासवर्ड म्हणजे नावातली पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष. नाव सुरेश आणि जन्म १९९०चा असेल, तर पासवर्ड `SURE1990` होतो. फाइल हाती लागल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, हे खरे. पण कुणी सर्वांसमोर ‘सुरेश, तिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असे लिहिले, की त्या पासवर्डचे दोन्ही भाग उघड होतात. वर्ष थेट लिहायचीही गरज पडत नाही, वजाबाकी कुणालाही येते.

म्हणून शुभेच्छा लिहायला बसण्याआधी ही तारीख आपल्याला कुठून कळली, हे आठवून पाहावे. मित्राने स्वतः खासगी निरोपात सांगितली असेल, तर शुभेच्छाही खासगी निरोपातच द्याव्यात. त्याने खेळाडूंच्या गटात सर्वांसमोर सांगितली असेल, तर तिथे द्यायला हरकत नाही. दुसऱ्या संकेतस्थळावरचे त्याचे खाते शोधून, फोटो जुळवून तारीख काढली असेल, तर ती वापरूच नये. अशा शुभेच्छा वाचून मित्राला आनंदाआधी धास्ती वाटते, कारण आपला माग काढला गेला हे त्याला त्यातून कळते. शिवाय अशी तारीख खरी असेलच असेही नाही. नोंदणीचा रकाना भरायचा म्हणून कित्येक जण १ जानेवारी टाकून मोकळे होतात. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर १ जून लागलेल्या माणसांची एक मोठी पिढीच आहे. प्रोफाइलवर दिसणारी सदस्यत्वाची तारीख तर वाढदिवस नसतेच, त्या दिवशी फक्त खाते उघडलेले असते.

जागा ठरवताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. लिचेसवर दोन खेळाडूंचा संवाद आणि प्रेक्षकांचा संवाद वेगवेगळ्या खोल्यांत चालतो, निरोपाची पेटी दोघांपुरतीच असते, आणि संघाच्या चर्चेत लिहिलेले मात्र बाहेरच्यांनाही दिसू शकते. बहुतेक खेळांत अशाच दोन-तीन पातळ्या असतात. डाव रंगात असताना शुभेच्छा पाठवणे टाळावे. दहा मिनिटांच्या डावात घड्याळ पळत असते, आणि प्रेमाचे चार शब्दही तेव्हा व्यत्यय ठरतात.

आता मजकुराकडे वळू. समजा, ‘घोडेस्वार’ या टोपणनावाच्या खेळाडूशी एकाची वर्षभराची मैत्री आहे. गप्पांच्या ओघात त्याचे पहिले नाव, शहर आणि नवी नोकरी या गोष्टी कळल्या आहेत. पहिल्या झटक्यात लिहिला जाणारा मजकूर बहुधा असा असतो: ‘आमचा नागपूरचा जिवलग मित्र प्रसाद याला तिसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! नव्या कंपनीत खूप मोठा हो!’ यात माया भरपूर आहे, पण एका ओळीत शहर, नाव, वय, लिंग आणि नोकरीतला बदल अशा पाच गोष्टी बाहेर पडल्या. शिवाय ही ओळ कुठल्याही प्रसादला चालेल. दोघांनी मिळून जे अनुभवले, त्यातले यात काहीच आलेले नाही.

जिव्हाळा आणायचा तो नेमका तिथून. पटावरचे डाव ही या मैत्रीची सामाईक मालमत्ता आहे. त्यांतले कितीही सांगितले तरी मित्राच्या घराचा पत्ता कुणाला लागत नाही. म्हणून एकच डाव निवडावा आणि त्यातला एकच क्षण नेमका सांगावा. ‘तू खूप छान खेळाडू’ या वाक्यापेक्षा ‘हत्ती कमी असताना तू डाव सोडला नाहीस’ हे वाक्य जास्त जवळचे वाटते, कारण ते दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही.

मराठीत लिहिताना लिंगाची अडचण फार लवकर समोर येते. ‘तू खेळतोस’ की ‘तू खेळतेस’, ‘मित्रा’ की ‘मैत्रिणी’, हे पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री हे तिने स्वतः सांगितलेले नसेल, तर अंदाज बांधू नये. ऑनलाइन खेळांत अनेक मुली ही गोष्ट मुद्दाम उघड करत नाहीत, आणि सगळे खेळाडू पुरुषच असणार असे धरून लिहिलेली शुभेच्छा त्यांना खटकते. सुदैवाने वाट भाषेतच आहे. ‘तुम्ही खेळलात’ दोघांनाही चालते. ‘तू’ ठेवायचा असेल, तर कर्म असलेली भूतकाळाची वाक्ये घ्यावीत, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जाते: ‘तू उंट मारलास’, ‘तू चाल केलीस’. लिहिणाऱ्याला स्वतःविषयी मोघम राहायचे असेल, तर ‘मी हसलो’ किंवा ‘मी हसले’ऐवजी ‘मला हसू आले’ लिहिता येते. हे सगळे सांभाळून घोडेस्वारासाठीचा मजकूर असा होईल:

‘घोडेस्वार, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! आपला तो डाव अजून डोळ्यांसमोर आहे. एक हत्ती कमी असतानाही तू हार मानली नाहीस, आणि मग घोड्याने एकाच चालीत राजाला शह देऊन वजीरही टिपलास. हरल्याचे वाईट वाटायच्या आधी मला टाळी द्यावीशी वाटली. तुझ्यामुळे पट मांडायची ओढ लागते. येणारे वर्ष तुला तब्येतीचे, आनंदाचे आणि भरपूर चांगल्या डावांचे जावो. उत्तराची घाई नाही. पटावर भेटूच.’

यात नाव, वय, गाव, लिंग काहीही नाही, तरी तो दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ किंवा ‘शतायुषी व्हा’ यांसारखे शब्द यात नाहीत, कारण ते समोरच्याचे वय धरून चालतात. शेवटची ‘घाई नाही’ ही ओळही महत्त्वाची. त्या दिवशी मित्र घरच्यांत असेल किंवा एकटा, आनंदात असेल किंवा नसेल. त्याच्यावर प्रतिसादाचे ओझे टाकू नये.

भेट द्यायची असेल तर ती टोपणनावावरच पोचणारी निवडावी. केक पाठवतो म्हणून पत्ता मागणे किंवा फोन करतो म्हणून नंबर मागणे हा प्रेमळ आग्रह वाटतो, पण नाही म्हणण्याचा अवघडपणा मित्राच्या वाट्याला येतो, तोही वाढदिवशी. लिचेसवर देणगीदारांच्या नावापुढे पंखांचे चिन्ह दिसते, आणि ही देणगी दुसऱ्या खेळाडूच्या नावे भेट म्हणूनही देता येते. त्यासाठी टोपणनाव पुरेसे असते. बिनपैशाची भेट मला तर याहून सरस वाटते: मित्राच्या सर्वांत देखण्या डावाची ‘स्टडी’ तयार करावी आणि महत्त्वाच्या चालींशेजारी दोन-दोन ओळी लिहाव्यात. स्टडी सर्वांना खुली न ठेवता फक्त दुवा असणाऱ्यालाच किंवा फक्त निमंत्रितालाच दिसेल अशीही ठेवता येते. दुवा पाठवताना तो `lichess.org/study/` असा पूर्ण दिसू द्यावा. वाढदिवसाच्या भेटीचे आमिष दाखवून फसवे दुवे पाठवले जातात, त्यामुळे आखूड केलेल्या अनोळखी दुव्यावर शहाणा माणूस बोट ठेवत नाही.

मित्र लहान मूल असण्याची शक्यताही धरावी. लिचेसवर ‘किड मोड’ चालू असलेल्या खात्याचा सगळा संवाद बंद असतो. असा अडथळा दिसला तर दुसऱ्या वाटेने संपर्क शोधू नये. मूल आहे हे माहीत असेल, तर प्रौढाने खासगी निरोप न पाठवता, त्या मुलाने तारीख गटातच सांगितली असेल तर गटातच सर्वांबरोबर शुभेच्छा द्याव्यात.

वेळेचा प्रश्न उरतो. मित्र कुठल्या देशात आहे हे माहीत नसेल, तर तेही विचारावे लागत नाही. भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा हवाईत पहाटेचे दोन आणि सिडनीत रात्रीचे दहा किंवा अकरा वाजलेले असतात, आणि तारीख मात्र एकच असते. न्यूझीलंडसारखे थोडे प्रदेश तेवढे पुढच्या दिवसात गेलेले असतात. साडेपाचला पाठवलेला निरोप जवळजवळ सगळ्या जगात वाढदिवसाच्याच दिवशी पोचतो.

एवढे करूनही चूक होऊ शकते. मित्राने गटातला संदेश काढून टाकायला सांगितले, विषय बदलला किंवा एरवी मोकळेपणाने बोलणारा माणूस एका शब्दात उत्तर देऊन गप्प झाला, तर मजकुरात काहीतरी नको ते आले असे समजावे. सार्वजनिक संदेश लगेच काढावा, खासगीत एका ओळीत माफी मागावी आणि कारण विचारत बसू नये.

पुढच्या वर्षासाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टोपणनाव, दिवस आणि महिना एवढेच लिहावे. जन्मवर्ष माहीत असले तरी ते तिथे नोंदवू नये.