टाकी आहे, नळ आहेत, आकडे गेले

‘दोन नळ एक टाकी अनुक्रमे … आणि … तासांत भरतात. दोन्ही एकदम सुरू केले, तर टाकी किती तासांत भरेल?’ पोलीस भरतीची किंवा तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या नोट्समध्ये असा पोकळ प्रश्न मधूनच भेटतो. मूळ पानावर आकडे टाइप केलेले नसतात, चित्र म्हणून चिकटवलेले असतात. साडेसात किंवा पावणेचारसारख्या अपूर्णांकांचे तर बरेचदा असेच होते. मजकूर कॉपी करून दुसरीकडे नेला की अक्षरे जातात आणि चित्र मागे राहते. आपल्या या प्रश्नाखाली चार पर्याय तेवढे उरले आहेत असे धरू: 10, 12, 25, 50. उत्तरसूची म्हणते, 12.

एवढ्यावरून हरवलेले आकडे सापडतील?

नुसत्या उत्तरावरून नाही. दोन नळ मिळून 12 तासांत टाकी भरतात, म्हणजे तासाला टाकीचा बारावा हिस्सा भरतो. हा हिस्सा दोन नळांत अनेक प्रकारे वाटता येतो. एक आडाखा मात्र लगेच बांधता येतो: नळ सारख्या वेगाचे असते तर प्रत्येकाला 24 तास लागले असते. ते वेगवेगळे असतील, तर जलद नळाचा वेळ 12 आणि 24 च्या मधे आणि संथ नळाचा 24 च्या पुढे असणार. पूर्ण तासच घ्यायचे म्हटले, तर दोन्ही वेळांतून 12-12 वजा केल्यावर उरणाऱ्या संख्यांचा गुणाकार 144 यायला हवा. तशा वेगवेगळ्या नळांच्या जोड्या सातच: 13 व 156, 14 व 84, 15 व 60, 16 व 48, 18 व 36, 20 व 30, 21 व 28. सातही जोड्यांचे उत्तर बरोबर 12 येते, म्हणून इथे ताळा करून काही उपयोग नाही.

आता चुकीच्या पर्यायांकडे वळायचे, कारण खरी माहिती तिथे दडलेली असते. प्रश्न काढणारा पर्याय सहसा हवेतून आणत नाही. विद्यार्थी जिथे घसरतो, तिथे तो सापळा लावतो. घाईत असलेला विद्यार्थी दोन्ही वेळांची बेरीज करून टाकतो किंवा सरासरी काढतो. 50 ही बेरीज असेल, तर 25 ही तिची निम्मी, म्हणजे सरासरी. सात जोड्यांपैकी 50 बेरीज एकाच जोडीची येते: 20 आणि 30. त्यांची वजाबाकी 10, तोही पर्याय जागेवर आहे. तीन वेगवेगळे धागे एकाच जोडीकडे नेत असतील, तर ती जोडी खुशाल लिहावी.

क्लासमध्ये शिकवतात त्या ल.सा.वि. पद्धतीची एखादी ओळ शिल्लक असली तर आणखी मदत होते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. समजा, स्पष्टीकरणात फक्त ‘टाकी 60 लिटरची मानू, दोन्ही मिळून तासाला 5 लिटर’ एवढेच उरले आहे. या 5 ची फोड 3 आणि 2 केली तर 20 व 30 तास मिळतात. 4 आणि 1 केली तर 15 व 60. दोन्ही जोड्यांचा ल.सा.वि. 60 च. दुसरी जोडी मूळची असती, तर पर्यायांत 75 किंवा 45 दिसण्याची शक्यता होती. पर्यायही गेले असतील, तर निवाडा करता येत नाही आणि ओढूनताणून करूही नये.

भास्कराचार्यांना ही अडचण आली नसती. 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त चार झऱ्यांनी भरणाऱ्या विहिरीचे गणित आहे. एकेकटे झरे ती अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, दिवसाचा तिसरा भाग आणि सहावा भाग एवढ्या वेळात भरतात. दिवसभरात ते अनुक्रमे 1, 2, 3 आणि 6 विहिरी भरतील, मिळून 12; म्हणून सगळे एकदम सोडले तर एक विहीर भरायला दिवसाचा बारावा भाग पुरतो. हे आकडे शब्दांत आणि वृत्तात बसवलेले आहेत. एखादा गळाला, तर छंद अडखळून लगेच चोरी पकडली जाईल.

गळक्या टाकीच्या गणितात प्रश्नातला एखादा आकडा मजकुरात वाचलेला असेल, तर काम फारच सोपे होते. ‘नळ टाकी … तासांत भरतो, गळतीमुळे 2 तास जास्त लागतात, गळतीने भरलेली टाकी किती तासांत रिकामी होईल?’ उत्तर 40. इथे मूळ वेळ आणि त्याहून 2 ने मोठी संख्या यांच्या गुणाकाराला 2 ने भागले की गळतीचा वेळ मिळतो. म्हणजे गुणाकार 80 हवा. 8 × 10. पूर्ण तासच असतील असे इथे गृहीतही धरावे लागत नाही, कारण या अटीत बसणारी दुसरी धन संख्याच नाही. नळाला 8 तास लागत होते. ‘2 तास’ हे शब्दही चित्राबरोबर गेले असते, तर फक्त 40 वरून पूर्ण तासांच्या दहा जोड्या निघतात. त्यांत 15 व 24 आहे, 20 व 40 आहे, आणि 39 व 1560 सुद्धा.