गुरुवारचे रात्री बारा म्हणजे नक्की कधी?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजी नोटीस पडली की खाली पंधरा अंगठे येतात आणि विषय संपतो. पण आमच्या विंगमधले निम्मे आजी-आजोबा त्या ग्रुपवर नाहीत. त्यांच्यासाठी लिफ्टशेजारी मराठी कागद लागतो. मागच्या वेळी सेक्रेटरी काकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. ‘तू बीएला आहेस ना, दहा मिनिटांत करून टाक!’

नोटिशीत दोन गोष्टी होत्या. महापालिकेच्या जलवाहिनीचं काम असल्याने गुरुवारी 12 a.m. ते शुक्रवारी 12 a.m. पाणी बंद, त्याच दिवशी आपल्या टाक्याही धुणार. आणि खाली, तिमाहीचा मेंटेनन्स 15 तारखेपर्यंत भरा, नाहीतर वर्षाला 21 टक्के सरळव्याज.

मी शब्दाला शब्द ठेवत गेले. ‘गुरुवारी रात्री 12 ते शुक्रवारी रात्री 12 या कालावधीत देखभालीच्या कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील. देखभाल शुल्क विहित मुदतीत न भरल्यास 21 टक्के व्याज आकारण्यात येईल.’ वाचायला एकदम सरकारी. मी खूश, काका खूश.

गुरुवारी सकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात. ‘अगं, नळाला थेंब नाही. पाणी तर आज रात्री जाणार होतं ना?’

त्यांचं बरोबर होतं. घड्याळाच्या हिशेबात गुरुवार सुरू होतो तो बुधवारच्या मध्यरात्री. आपल्या बोलण्यात मात्र गुरुवारची रात्र गुरुवारच्या जेवणानंतर येते. आजी गुरुवारी संध्याकाळी पाणी भरणार होत्या. घरात एक तांब्या पाणी होतं आणि आजोबांच्या सकाळच्या गोळ्या व्हायच्या होत्या. आमच्याकडच्या दोन बादल्या आणि एक कळशी मी खाली नेऊन दिली. चूक माझ्या एका ओळीत होती.

आजींना दुसरीही शंका होती. ‘टाकी धुवायचे वेगळे पैसे कशाला?’ नोटिशीत वर ‘देखभाल’ होती टाकीची आणि खाली ‘देखभाल शुल्क’. दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे असं कुणालाही वाटेल. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असला तरी आपल्याकडे त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टाकी आपण धुतो आणि दर तिमाहीला जो भरतो त्याला आजीही ‘मेंटेनन्स’च म्हणतात. तोच शब्द ठेवला असता तर गोंधळ झाला नसता.

तिसरी भीती व्याजाची. त्यांचं बिल 9,000 रुपयांचं. एक दिवस उशीर झाला तरी 21 टक्के, म्हणजे 1,890 रुपये जाणार असं त्यांनी धरलं होतं. मी ‘वर्षाला’ हा एकच शब्द गाळला होता. खरा हिशेब असा: 1,890 रुपये हे पूर्ण वर्षाचं व्याज. एक महिना उशीर झाला तर त्याचा बारावा भाग, म्हणजे 157 रुपये 50 पैसे.

मग पुढच्या वेळेसाठी त्याच नोटिशीचे मी दोन वेगळे कागद केले. पाण्याचा कागद असा झाला:

‘गुरुवारी दिवसभर पाणी नाही. बुधवारी रात्री झोपण्याआधी पाणी भरून ठेवा. शुक्रवारी सकाळी पाणी येईल. सुरुवातीला गढूळ आलं तर बादलीत धरून संडासासाठी वापरा. प्यायचं पाणी उकळून घ्या.’

यात घड्याळाची वेळच नाही. काय करायचं आणि ते कोणत्या रात्री, एवढंच आहे. जलवाहिनीचं कारण मी शेवटी बारीक अक्षरात टाकलं. मेंटेनन्सचा कागद वेगळ्या दिवशी लावायचा ठरला. त्यात ‘15 तारीख धरून’ असं लिहिलं, कारण ‘15 पर्यंत’ म्हटलं की 15 चालेल की 14, हा वाद होतोच. व्याजाखाली 9,000 रुपयांचं उदाहरणही दिलं.

कागद लावण्याआधी आजींना वाचायला दिला. ‘कळलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात, म्हणून मी विचारलं, ‘मग तुम्ही पाणी कधी भरणार?’

‘बुधवारी रात्री,’ त्या म्हणाल्या. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो सोडला नाही. ‘आणि फ्लशचं गं? ते पण बंद का?’

इंग्रजी नोटिशीत याचा उल्लेखच नव्हता. काकांना फोन केला. तेही बंदच असणार होतं. मग आजींच्याच पेनने खाली एक ओळ वाढवली: ‘फ्लशलाही पाणी नसेल. एक बादली जास्त भरा.’