गोळी जळते, आकडा ठरतो: बॉम्ब कॅलरीमीटरची उष्माधारकता

भारतात २०१२ पासून नॉन-कोकिंग दगडी कोळशाची प्रत त्याच्या उष्मांकावरून ठरते. किलोमागे ४,००० किलोकॅलरींच्या थोडी वर उष्णता निघाली तर कोळसा जी-११, थोडी खाली राहिली तर जी-१२. कोळशाचा दर या प्रतीवर ठरतो. कॅलरीमीटरची उष्माधारकता अर्ध्या टक्क्याने चुकली, तर या रेषेजवळचा नमुना वीस किलोकॅलरींनी सरकतो आणि भलत्या प्रतीत जाऊन बसतो. म्हणून कोळशाआधी उपकरण तपासायचे असते, आणि त्यासाठी बेंझोइक आम्लाची गोळी जाळायची असते.

कल्पना साधी आहे. जाड पोलादी बॉम्बमध्ये पदार्थ जळतो, ती उष्णता बॉम्ब, त्याभोवतीची बादली, बादलीतले पाणी, ढवळणी आणि थर्मामीटर या सगळ्यांत वाटली जाते. या साऱ्या संचाचे तापमान एक अंशाने वाढवायला किती ज्यूल लागतात, ती त्याची उष्माधारकता. भागांची वजने घेऊन ती काढत बसण्यापेक्षा, जिची उष्णता नेमकी माहीत आहे अशी वस्तू जाळून तापमान किती वाढले ते पाहणे जास्त विश्वासाचे.

बेंझोइक आम्ल शुद्ध मिळते, हवेतला ओलावा ओढत नाही आणि त्याची गोळी चांगली बसते. प्रमाणित आम्लाच्या दाखल्यावर ग्रॅममागे २६,४३४ ज्यूलच्या आसपासचा आकडा असतो. तो आकडा ठरावीक परिस्थितीसाठी असतो: ३० बारच्या जवळपास ऑक्सिजन, आणि बॉम्बच्या दर लिटर आकारमानाला ३ ग्रॅम आम्ल व ३ ग्रॅम पाणी. सुमारे ३४० मिलिलिटरच्या बॉम्बमध्ये एक ग्रॅमची गोळी आणि तळाशी एक मिलिलिटर पाणी घालतात, ते या हिशोबानेच.

भुकटी तशीच जाळायची नाही. ऑक्सिजन भरतानाच ती क्रुसिबलबाहेर उडते आणि बाहेर पडलेला कण थंड पोलादावर अर्धवट जळतो. गोळी फार सैल दाबली तर कडा झडतात, फार घट्ट दाबली तर पेटताना तडकून तुकडे उडतात. दाबून झाल्यावर मऊ ब्रशने सुटे कण झाडायचे आणि मगच वजन करायचे. वजनानंतर गोळीला बोट लावायचे नाही, चिमट्यानेच क्रुसिबलमध्ये ठेवायची. निक्रोमची तार गोळीला हलकेच टेकवायची, क्रुसिबलला मात्र ती लागता कामा नये.

बादलीत पाणी तोलून घ्यायचे, मापाने नव्हे. दोन हजार ग्रॅममध्ये एक ग्रॅम कमी-जास्त झाला की उष्माधारकता ४.२ ज्यूलने हलते, आणि मोजपात्राच्या भिंतीला चिकटून राहिलेले पाणी एका ग्रॅमपेक्षा सहज जास्त भरते. बॉम्ब पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे दिसले तर तो गळतो आहे. अशा वेळी पेटवणीची कळ दाबायची नाही, बॉम्ब बाहेर काढून वायू सोडून द्यायचा.

आता एक प्रयोग आकड्यांनिशी पाहू. गोळी १.००२४ ग्रॅम, म्हणजे तिची उष्णता २६,४९७ ज्यूल. दहा सेंटिमीटर तारेतली २.८ सेंटिमीटर उरली. जळालेल्या ७.२ सेंटिमीटरचे, सेंटिमीटरमागे ९.६ ज्यूल धरून, ६९ ज्यूल झाले. बॉम्बमध्ये राहिलेल्या हवेतल्या नायट्रोजनपासून थोडे नायट्रिक आम्ल बनते आणि तेही उष्णता देते. बॉम्ब धुऊन ते पाणी ०.१ नॉर्मल अल्कलीने टायट्रेट केले, ६.८ मिलिलिटर लागले. मिलिलिटरला ६ ज्यूल या दराने ४१ ज्यूल. एकूण २६,६०७ ज्यूल.

तापमानाचा हिशोब जरा सावकाश करावा लागतो. कळ दाबताना थर्मामीटर २५.५१२ अंशांवर होता, आठ मिनिटांनी तो २८.१४३ वर आला. फरक २.६३१. पण या आठ मिनिटांत जॅकेटमधून बादलीत उष्णता आली, नंतर बादलीतून बाहेरही गेली, आणि ढवळणीनेही थोडी घातली. म्हणून कळ दाबण्याआधीची पाच मिनिटे आणि तापमान स्थिरावल्यानंतरची पाच मिनिटे दर मिनिटाला नोंद ठेवायची. इथे आधीचा वेग मिनिटाला अधिक ०.००३० अंश निघाला, नंतरचा उणे ०.००१०. एकूण वाढीपैकी साठ टक्के वाढ १.२ मिनिटांत झाली. त्या क्षणापर्यंत पहिला वेग लागू धरायचा आणि पुढच्या ६.८ मिनिटांना दुसरा. पहिल्याचे ०.००३६ अंश वजा, दुसऱ्याचे ०.००६८ अधिक, म्हणजे खरी वाढ २.६३४२ अंश. २६,६०७ ला त्याने भागले की १०,१०१ ज्यूल प्रति अंश. ही दुरुस्ती सोडली असती तर १०,११३ आले असते.

एका आकड्यावर काहीच ठरत नाही. समजा सहा गोळ्यांनी १०,१०१, १०,०९४, १०,११२, १०,०८९, १०,१०६ आणि १०,०९८ दिले. सरासरी १०,१००, प्रमाण विचलन ८.३, म्हणजे सरासरीच्या ०.०८ टक्के. प्रयोगशाळांमध्ये साधारण ०.२ टक्क्यांच्या आत असलेले विचलन चालते, तेव्हा हा संच चांगला आहे. विचलनाला सहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची अनिश्चितता सुमारे ३.४ ज्यूल निघते. प्रयोग इतके थोडे असताना ९५ टक्के खात्रीसाठी ती २.५७ पट घ्यावी लागते, म्हणजे सुमारे ९ ज्यूल. अंतिम आकडा १०,१०० अधिक-उणे ९ असा लिहावा.

सातव्या गोळीला १०,१५५ आले तर? मला वाटते, इथेच प्रयोग करणाऱ्याची कसोटी लागते. तो आकडा नुसता खोडणे सोपे आहे, पण त्याची दिशा आधी वाचली पाहिजे. उष्माधारकता जास्त आली याचा अर्थ, हिशोबात धरलेल्या उष्णतेच्या मानाने तापमान कमी चढले. मग क्रुसिबलमध्ये काजळी आहे का, बॉम्बच्या झाकणाला काळा थर आहे का, ते पाहायचे. वजनानंतर पाच मिलिग्रॅमचा कण गळला असेल तरी एवढाच फरक पडतो. बादलीत तेरा ग्रॅम पाणी जास्त पडले तरीही तेवढाच. याउलट आकडा कमी आला तर पाणी कमी पडले असेल, किंवा कुठली तरी उष्णता हिशोबात धरायची राहिली असेल. काजळी दिसली तर तो प्रयोग बाद, आणि का बाद केला ते वहीत लिहायचे. कारण सापडले नाही तर आकडा ठेवायचा आणि आणखी गोळ्या जाळायच्या. विचलन आवाक्याबाहेर गेले, तर काय हलते आहे ते शोधायचे.

आकडे एकमेकांच्या जवळ असले म्हणजे ते बरोबर असतात असे मात्र नाही. प्रत्येक वेळी सारखीच राहणारी चूक विचलनात दिसत नाही. ती उघडी पाडायला गोळीचे वजन बदलून पाहायचे: काही गोळ्या ०.६ ग्रॅमच्या, काही १.१ ग्रॅमच्या, बॉम्बच्या मर्यादेत राहून. समजा प्रत्येक पेटवणीत ५० ज्यूल हिशोबाबाहेर राहतात. लहान गोळीच्या उष्णतेत ते ०.३२ टक्के होतात, मोठीच्या ०.१७ टक्के. म्हणून लहान गोळ्यांची उष्माधारकता सुमारे १५ ज्यूलने कमी येते. एका जोडीत हा फरक विखुरण्यात हरवेल, प्रत्येक वजनाच्या चार-पाच गोळ्या घेतल्या की दिसतो.

मिळालेला आकडा त्याच बॉम्बचा, त्याच बादलीचा आणि त्याच थर्मामीटरचा असतो. एका जॅकेटमध्ये दोन बॉम्ब आलटून-पालटून वापरत असाल तर दोघांच्या उष्माधारकता वेगळ्या काढायच्या आणि बॉम्बवरच्या क्रमांकासमोर लिहून ठेवायच्या. यातला कुठलाही भाग बदलला की गोळ्या पुन्हा जाळायच्या.