अपुऱ्या दरपत्रकास लिहावयाचे पत्र

शाळेसाठी बाके, कपाटे, फळे अथवा सतरंज्या घ्यावयाच्या झाल्या म्हणजे आपण तीन-चार दुकानदारांकडून दरपत्रके मागवितो, ती उघडून तुलनात्मक तक्ता करितो आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्यास पुरवठ्याचा आदेश देतो. हा क्रम मुख्याध्यापकांच्या व शाळा व्यवस्थापन समित्यांच्या परिचयाचा आहे. परंतु कधी कधी कमी दराचे दरपत्रकच अर्धवट असते. वस्तूचे वर्णन आहे, दर आहे, कर आहे. पण माल कोठे, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने पोचता होईल हे सांगण्यापूर्वीच कागद संपतो. अशा वेळी खरेदी करणाऱ्याने पुरवठादारास कसे पत्र लिहावे, ते एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे येथे सांगावयाचे आहे.

सहा शाळांसाठी प्रत्येकी दहा, याप्रमाणे दोन विद्यार्थ्यांनी बसावयाची साठ बाके घ्यावयाची होती. मे महिन्याच्या १४ तारखेस तीन दरपत्रके समितीसमोर उघडण्यात आली. त्यांस आपण अ, ब आणि क म्हणू. कर धरून एका बाकाचा दर अ याचा ३,८५० रुपये, ब याचा ४,१२० रुपये व क याचा ४,३०० रुपये होता. साठ बाकांची किंमत अनुक्रमे २,३१,००० रुपये, २,४७,२०० रुपये व २,५८,००० रुपये झाली. ब आणि क यांनी माल शाळेत पोचवून व जोडून देण्याचे स्पष्ट लिहिले होते. अ याच्या कागदावर मात्र चार कलमांनंतर ‘५. माल पोचविण्याच्या अटी’ एवढेच शब्द होते आणि त्याखाली काही नव्हते. कागदाच्या पायथ्याशी ‘पान १ (एकूण पाने २)’ असे छापलेले होते. सही व शिक्का या पानावर नव्हता. लिफाफ्यात दुसरे पान नव्हते आणि तशी नोंद समितीने त्याच वेळी इतिवृत्तात करून घेतली.

१६,२०० रुपयांचा फरक पाहून कोणालाही वाटेल की, अ यासच आदेश द्यावा आणि पुरवठ्याच्या अटी मागाहून विचाराव्यात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः नेमके हेच केले होते. “आपला दर मान्य आहे. माल पोचविण्याच्या अटी कृपया कळवाव्यात,” असे दोन ओळींचे पत्र मी एका पुरवठादारास पाठविले. उत्तर आले की, माल कारखान्यात तयार आहे, घेऊन जावा. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात होता, गाडीभाड्याची तरतूद नव्हती आणि ती मंजूर होईपर्यंत श्रावण संपला. तोवर पहिलीची मुले ओल्या फरशीवर बसत होती. पुरवठादाराने लबाडी केली असे मला म्हणता येत नव्हते, कारण चूक माझ्या पहिल्या वाक्यात होती.

ती चूक कशी, हे कायद्याच्या भाषेत समजून घेणे उपयुक्त आहे. दरपत्रक हा पुरवठादाराचा प्रस्ताव असतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या सातव्या कलमानुसार स्वीकृती ही निरपवाद व बिनशर्त असावी लागते आणि चौथ्या कलमानुसार स्वीकृतीचे पत्र आपल्या हातून टपालात पडताच प्रस्ताव करणारा त्याने बांधला जातो. म्हणजे ‘दर मान्य आहे’ असे लिहिल्यावर करार झाला असे समोरचा म्हणू शकतो. मग ज्या गोष्टींविषयी करार मुका आहे त्या कोणी ठरवावयाच्या? वस्तुविक्री कायदा, १९३० याचे छत्तिसावे कलम त्याचे उत्तर देते. वेगळे काही ठरले नसेल तर विकलेला माल जेथे असेल तेथेच, आणि तो अद्याप तयार व्हावयाचा असेल तर जेथे तयार होईल तेथे, ताब्यात द्यावयाचा असतो. मुदत ठरलेली नसेल तर ‘वाजवी कालावधी’ एवढेच बंधन उरते. कागद मुका राहिला की कायद्याने माल पुरवठादाराच्या दारातच राहतो, शाळेच्या दारात येत नाही.

याच्या उलट दुसरी चूक संभवते. “माल शाळेत पोचता कराल असे आम्ही धरून चालतो,” असे काही जण लिहितात. हे वाक्य सावधपणाचे भासते. परंतु त्याने आपणच नवी अट घातली, असा त्याचा अर्थ होतो. ती पुरवठादाराने मान्य केल्याखेरीज करार होत नाही. शिवाय रिकामी जागा काय लिहून भरावी हे आपणच त्याला सुचविले, अशी तक्रार ब आणि क यांना करता येते.

तेव्हा पत्राने दोन गोष्टी टाळावयाच्या: मान्यता देणे आणि उत्तर सुचविणे. आणि एकच गोष्ट मागावयाची: जे पान पूर्वीच लिहिले गेले होते ते पान, जसेच्या तसे. येथे भेद सूक्ष्म आहे, पण सर्व न्याय त्यावर अवलंबून आहे. दरपत्रके उघडल्यानंतर इतरांचे दर गावभर होतात. अशा वेळी ‘आपल्या अटी कळवा’ असे म्हटले, तर पुरवठादार इतरांचे आकडे पाहून आपल्या सोयीच्या अटी नव्याने लिहू शकतो. ‘राहिलेले पान पाठवा’ असे म्हटले, तर त्याला जुनेच पान द्यावे लागते. १५ मे रोजी अ यास पुढील पत्र पाठविले.

“विषय : शालेय बाकांच्या दरपत्रकाचे पान २ पाठविण्याबाबत.

महोदय,

आपले दिनांक ९ मे रोजीचे दरपत्रक या कार्यालयास मोहोरबंद लिफाफ्यातून मिळाले असून ते दिनांक १४ मे रोजी समितीसमोर उघडण्यात आले. दरपत्रकावर एकूण पाने २ असल्याचे छापलेले आहे. परंतु लिफाफ्यात केवळ पान १ होते. ते ‘५. माल पोचविण्याच्या अटी’ या शीर्षकाशी संपते.

तरी मूळ दरपत्रकाचे पान २, त्यावरील मूळ तारीख, सही व शिक्का यांसह, दिनांक २० मे रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत या कार्यालयात पोचेल असे पाठवावे. पान १ वरील दर, वर्णन अथवा अन्य कोणत्याही मजकुरात बदल स्वीकारला जाणार नाही. मुदतीत पान २ न मिळाल्यास आपले दरपत्रक अपूर्ण समजण्यात येईल.

या पत्राने आपला दर मान्य केला, अथवा आपणास पुरवठ्याचा आदेश दिला, असे समजू नये.

आपला विश्वासू”

पत्रात इतरांच्या दराचा उल्लेख नाही, ‘आपला दर सर्वांत कमी आहे’ हेही नाही. तो आनंदाचा समाचार आज कळविला, तर उद्या वाहतुकीचा आकडा त्या मानाने फुगतो. दिवस व वेळ दिली आहे, कारण ‘त्वरित’ या शब्दाला अंत नाही. शिवाय ब याचे दर १० जूनपर्यंतच बांधलेले होते. अ याची वाट पाहताना ब हातचा जाऊ नये, याचाही विचार त्या तारखेत आहे. पत्रास जावक क्रमांक घालून पोच घेतली. दूरध्वनीवर काहीही विचारले नाही.

१९ मे रोजी पान आले. तारीख ९ मेचीच होती, कलमे पाचपासून पुढे होती, अक्षरजुळणी पहिल्या पानासारखीच होती आणि खाली सही-शिक्का होता. त्यावरून ते मूळचेच पान मानण्यास हरकत राहिली नाही. त्यातील अटी अशा होत्या: माल पुरवठादाराच्या तालुक्यातील गोदामात ताब्यात मिळेल, गाडीभाडे व हमाली खरेदीदाराकडे, बाकांचे सांगाडे व फळ्या सुट्या मिळतील, मुदत आदेशापासून ३० दिवस.

आता दराची खरी किंमत काढता आली. गाडीभाडे अंदाजाने न धरता स्थानिक वाहतूकदाराकडून लेखी घेतले. एका खेपेत वीस बाके, म्हणजे तीन खेपा, प्रत्येकी ४,५०० रुपये. एकूण १३,५०० रुपये. चढ-उतार हमाली बाकास ३० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये आणि जोडणी बाकास ४० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये. असा १७,७०० रुपयांचा खर्च मिळविता अ याची बाके शाळेत उभी राहीपर्यंत २,४८,७०० रुपयांस पडत होती. ब याची तीच बाके, पोचवून व जोडून, २,४७,२०० रुपयांस मिळत होती. जो १६,२०० रुपयांनी स्वस्त दिसत होता तो १,५०० रुपयांनी महाग निघाला. शिवाय २५ मे रोजी आदेश दिला असता अ याची मुदत २४ जूनला संपली असती, तर ब याची मुदत २० दिवसांची असल्याने १४ जूनला, म्हणजे शाळा उघडण्याच्या सुमारास, संपत होती. आदेश ब यास दिला आणि कारण तक्त्याखाली लिहून ठेवले. अ यास ‘भाडे सोडा, म्हणजे आदेश देतो’ असे विचारण्याचा मोह काहींना झाला होता. परंतु एकास दुसरी संधी देणे म्हणजे इतर दोघांस ती नाकारणे होय, म्हणून तो मार्ग सोडला.

या पत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. पान हरवले असे कागदच सांगत असेल, म्हणजे पृष्ठांक, अपुरे कलम, सहीचा अभाव यांपैकी काही खूण असेल, तरच ते लिहावे. दरपत्रक सही-शिक्क्यासह पूर्ण झालेले असून त्यात पुरवठ्याविषयी काहीच नसेल, तर तेथे हरवलेले पान नाही; पुरवठादार बोललाच नाही. अशा दरपत्रकास एकट्याला प्रश्न विचारू नये. तिघेही गप्प असतील, तर तिघांस एकाच मजकुराचे पत्र, एकाच मुदतीचे, एकाच दिवशी पाठवावे. आलेल्या पानावर नवी तारीख असेल अथवा त्यात पहिल्या पानाशी न जुळणारा मजकूर असेल, तर तो नवा प्रस्ताव होय आणि तो विचारात घेता येत नाही.

शेवटी एक कबुली. प्रकरण मिटल्यावर मी आमचेच मागणीपत्र पुन्हा वाचले. त्यात बाकाची उंची, रुंदी, पत्र्याची जाडी होती. पण बाक कोठे हवे हे लिहिले नव्हते. आता आमच्या मागणीपत्रात शाळांची नावे देऊन एक वाक्य असते: “दर शाळेत माल पोचवून, उतरवून व जोडून देण्याचा, सर्व करांसह असावा, मुदत आदेशापासून २० दिवस, वाटेत मोडलेले बाक पुरवठादाराने बदलून द्यावे.” हे वाक्य आधी गेले की दुसरे पान हरवले तरी पुरवठादाराची बोली कशाबद्दल होती याविषयी वाद फारसा उरत नाही.