आजोबा एवढं का खोकतात?

“आजोबा रोज सकाळी एवढं का खोकतात?” असं सहा वर्षांच्या नातीने विचारलं, की बहुतेक घरांत “थंडीमुळे गं” म्हणून वेळ मारून नेली जाते. आजोबांनी चाळीस वर्षं विडी ओढली असेल, तर खरं कारण वेगळं असतं, आणि ते या वयाच्या मुलीला नीट कळू शकतं.

सुरुवात तिच्याच श्वासापासून करावी. तिला छातीवर हात ठेवून मोठा श्वास घ्यायला सांगावं. मग म्हणावं, “ही हवा आत ज्या नळ्यांतून जाते ना, त्यांना आतून चिकट थर असतो. धूळ त्यावर अडकते. तिथे डोळ्यांना न दिसणारे इवलेसे केसही असतात. ते केरसुणीसारखी ती घाण वर घशाकडे लोटत राहतात.” हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात. एवढं सांगितलं तरी मूल डोळे मोठे करून ऐकतं.

“विडीच्या धुराने आजोबांचे ते केस आधी मंदावले, मग बरेचसे झडले. धूर झोंबतो म्हणून नळ्या जास्त कफ तयार करतात. रात्रभर तो साठतो. लोटायला कुणी नाही, म्हणून सकाळी आजोबांना तो खोकून बाहेर काढावा लागतो.”

पुढचा प्रश्न ठरलेला: “मग ते विडी का ओढतात?” इथे आजोबांना वाईट ठरवू नये. तंबाखूतलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि पुन्हा पुन्हा हवंसं वाटतं. विडी साधी, सिगारेटपेक्षा बरी, हा समज तर साफ चुकीचा आहे. टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात.

मुलं एक भीती बोलून दाखवत नाहीत: मलाही हे होईल का? विडीमुळे झालेला खोकला एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण हे सांगण्याआधी मोठ्यांनी एक काम केलेलं असावं. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, वजन घटत असेल किंवा थुंकीत रक्त दिसत असेल, तर ‘विडीचाच आहे’ असं गृहीत धरू नये. क्षयरोगही असाच खोकला देतो आणि तो पसरतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

आणि विडी सोडली तर? केस हळूहळू पुन्हा कामाला लागतात. काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो, कारण साठलेली घाण बाहेर पडू लागते. नातीला हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे ती घाबरणार नाही. फुप्फुसाच्या टोकाचे नाजूक फुगे मात्र एकदा फाटले की पुन्हा जुळत नाहीत. जिना चढताना आजोबांना लागणारा दम त्यामुळे पूर्ण जाणार नाही, पण तो वाढण्याचा वेग कमी होईल.

विडी सोडायला मदत हवी असेल, तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आजोबांना तो लावून द्या.