माइनक्राफ्ट अडखळतो तेव्हा

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत शंभर-दीडशे मॉड घातले, की खेळ अडखळू लागतो आणि घरात नव्या कॉम्प्युटरची मागणी सुरू होते. पैसे खर्च करण्याआधी दोन सेटिंग बघून घ्या.

पहिलं मेमरीचं. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम असली तरी ती सगळी खेळाला मिळत नाही. जावाला कमाल किती मेमरी वापरता येईल हे लाँचर ठरवतो, आणि ही मर्यादा पुष्कळदा २ जीबीच असते. साध्या खेळाला तेवढी पुरते, मॉडच्या गठ्ठ्याला नाही. खेळताना F3 दाबा (काही लॅपटॉपवर Fn सोबत). उजवीकडे वर Mem च्या पुढे टक्केवारी दिसेल. ती चढते आणि एकदम खाली येते, कारण जावा वापरून झालेली मेमरी मधूनमधून झाडून काढते. हे चढउतार नेहमीचेच. पण खाली येऊनही आकडा नव्वदीच्या आसपासच राहत असेल आणि दर वेळी खेळ थबकत असेल, तर मेमरी खरोखरच अपुरी आहे.

मग लाँचरमध्ये Installations उघडा, आपल्या खेळासमोरच्या तीन टिंबांवरून Edit आणि पुढे More Options मध्ये जा. तिथे JVM Arguments च्या ओळीत -Xmx2G असेल, तर एवढा भाग बदला:

```
-Xmx6G
```

१६ जीबीच्या मशीनवर मोठ्या गठ्ठ्यासाठी ६ ते ८ जीबी पुरे. मशीनच ८ जीबीचं असेल तर ४ वर थांबा. सगळी रॅम खेळाला देण्याचा मोह अनेकांना होतो, पण मग विंडोज आणि ब्राउझरला काही उरत नाही. सिस्टीम डिस्कवर लिहू-वाचू लागते आणि खेळ आधीपेक्षाही रखडतो.

दुसरं सेटिंग म्हणजे Video Settings मधलं Render Distance, आणि माझ्या मते आधी हात घालावा तो इथेच. हे जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांचं असतं. अंतर १६ ठेवलं तर चारही बाजूंना १६ तुकडे आणि मधला एक, म्हणजे ३३ गुणिले ३३, एकूण १०८९ तुकडे सांभाळावे लागतात. तेच ८ वर आणलं, की उरतात २८९. अंतर निम्मं झालं, पण काम जवळपास चौथाईवर आलं! दूरचा डोंगर धुक्यात जातो, एवढंच नुकसान.

कधी कॅमेरा सुरळीत फिरतो, पण फोडलेला ठोकळा पुन्हा उगवतो आणि गायी जागच्या जागी गोठतात. तिथे ही दोन्ही सेटिंग फारशी कामाची नाहीत. एखाद्या मॉडची यंत्रं किंवा प्राण्यांची गर्दी प्रोसेसरला झेपत नसते; ती कमी करावी लागते.

बदल एका वेळी एकच करा आणि दर वेळी F3 वर नजर टाका. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.